तिसऱ्या टॉपला विकणं आणि ट्रिपल टॉप विकणं: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "तुमचा लेख वाचून एका शेअरचा तिसरा टॉप लागताच फ्युचरमध्ये शॉर्ट केलं. चार दिवसांत शेअर वर फुटला आणि स्टॉपलॉस गेला. हे पॅटर्न मागे वळून बघतानाच दिसतात. आणि राउंडिंग बॉटममध्ये नेमकं कुठे घ्यायचं, ते तर तुम्ही लिहिलंच नाही."

तुमचं नुकसान झालं याचं वाईट वाटलं. त्यात माझाही वाटा आहे, कारण ट्रिपल टॉप, रेक्टँगल आणि राउंडिंग बॉटम या चार्टवरच्या आकारांबद्दलच्या त्या लेखात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मी एका ओळीत उरकली होती. ती इथे नीट सांगतो.

तिसऱ्यांदा भाव त्याच पातळीवरून मागे फिरला, तरी तो ट्रिपल टॉप झालेला नसतो. त्या क्षणी चार्टवर असतो तो रेक्टँगल: वर भाव अडतो तो रेझिस्टन्स, खाली सावरतो तो सपोर्ट आणि मध्ये अडकलेला भाव. खालचा सपोर्ट तुटून भाव त्याखाली बंद झाला, तरच त्याला ट्रिपल टॉप म्हणायचं. वर फुटला तर तोच आकार तेजीतला मुक्काम ठरतो.

निफ्टीचंच बघा. जानेवारी २००८ मध्ये ६,३५० च्या आसपास टॉप झाला, नोव्हेंबर २०१० मध्ये जवळपास तिथेच दुसरा आणि २०१३ च्या अखेरीस पुन्हा तीच पातळी. मधल्या दऱ्या खूप असमान होत्या, म्हणून पुस्तकातला आकार नव्हता, पण 'तिसरा टॉप' सगळ्यांना दिसत होता. खाली मात्र २०११ च्या डिसेंबरमधली ४,५०० जवळची दरी शाबूत होती. मार्च २०१४ मध्ये निफ्टी ६,५०० च्या वर बंद झाला आणि मे महिन्यात ७,००० पार गेला. तिसऱ्या टॉपला विकणाऱ्याच्या बाजूने एकही सपोर्ट तुटला नव्हता.

आता कल्पित आकड्यांवर सौदा मांडू. शेअर ५२० ला तीनदा अडला, मधल्या दोन्ही दऱ्या ४७० ला. उंची ५० रुपये. ४७० च्या खाली दिवसाचं क्लोजिंग हवं. दिवसभरात ४६५ दाखवून ४७४ ला बंद झाला तर काहीच करायचं नाही. समजा ४६४ ला बंद झाला आणि व्हॉल्यूम रोजच्यापेक्षा ठळक जास्त आहे. तिथे शॉर्ट करायचं आणि स्टॉपलॉस ४८२ ला ठेवायचा, कारण भाव पुन्हा आकाराच्या आत शिरून तिथे टिकला तर आपलं म्हणणंच चुकलं. टार्गेट ४७० मधून ५० वजा, म्हणजे ४२०. जोखीम १८, अपेक्षा ४४. पण कॅश सेगमेंटमध्ये शॉर्ट त्याच दिवशी कापावं लागतं, पुढे नेता येत नाही. त्यामुळे फ्युचर किंवा पुट न घेणाऱ्यासाठी ट्रिपल टॉपचा खरा उपयोग हातातला माल सोडण्यासाठी आहे.

याच शेअरमध्ये आधी रेक्टँगल म्हणूनही काम करता आलं असतं: सपोर्टवरून उलटल्यावर ४७५ ला खरेदी, ४६४ ला स्टॉपलॉस, ५१२ ला विक्री. वरची पातळी अडली म्हणून शॉर्ट करणं हाही रेक्टँगलचाच सौदा आहे. तुम्ही तो केलात, पण मनात टार्गेट ट्रिपल टॉपचं धरलंत. रेक्टँगलमधला शॉर्ट सपोर्टच्या अलीकडेच कापायचा असतो आणि रेझिस्टन्सच्या थोडं वर क्लोजिंग आलं की सोडायचा असतो. पट्टा चार-पाच टक्क्यांचा असेल तर मी दोन्ही बाजूंनी हात लावत नाही. खर्च आणि खोटे ब्रेकआउट मिळून नफा खातात.

राउंडिंग बॉटमबद्दलची तुमची तक्रार मान्य. हा वाटीसारखा गोलसर तळ साप्ताहिक चार्टवर बघायचा, कारण वाटी भरायला कित्येक महिने जातात. समजा भाव ३०० वरून २०० ला आला, तिथे रेंगाळला आणि हळूहळू पुन्हा ३०० पर्यंत चढला. तळाशी व्हॉल्यूम आटलेला आणि उजवीकडे चढताना वाढत गेलेला हवा. तळाशी घ्यायचं नाही, कारण तिथे तो नुसता पडून राहिलेला शेअर असतो आणि कित्येक तसेच राहतात. ३०० च्या काठाशी तो बहुतेकदा थोडा मागे येतो, समजा २८४ पर्यंत. त्यानंतर ३०० च्या वर आठवड्याचं क्लोजिंग आलं, ३०५ ला, की खरेदी. स्टॉपलॉस वाटीच्या तळाशी ठेवला तर शंभराहून जास्त रुपये पणाला लागतात, म्हणून तो २८२ ला. टार्गेट वाटीची खोली काठावर मांडून ४००. काठाशी मागे आलाच नाही, सरळ ३३० ला गेला, तर मी सोडून देतो किंवा ३०० ला परत येण्याची वाट बघतो. चार्ट बोनस आणि स्प्लिटसाठी समायोजित आहे ना, हेही आधी तपासा. नाहीतर डावीकडची घसरण खरी नसतेच.

तुमच्या शेअरचा दिवसाचा चार्ट पुन्हा उघडा आणि शॉर्ट केलं त्या दिवशी खालचा सपोर्ट किती रुपये दूर होता, ते मोजून इथे लिहा. पुढचं त्यावरून बोलू.