४,९९९ रुपयांची उसनवारी

परवा संध्याकाळी बाळू निपाणीच्या आमच्या कट्ट्यावर आला तो बसलाच नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "कुणाकडं पाच हजार आहेत काय? सोमवारी देतो. आक्काचं काम आहे."

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. गेली बावीस वर्षं घरात विड्या वळते. दोन-तीन वर्षांपासून तिला खोकला लागलाय. डॉक्टरांनी तंबाखूपासून लांब राहा म्हणून सांगितलंय, पण लांब राहून चूल पेटत नाही. त्यामुळे आण्णांनी लगेच खिशात हात घातला. "दवाखाना काय?"

"न्हाई आण्णा. तिला घरबसल्या काम मिळालंय. पेन्सिली पॅक करायच्या. महिना तीस हजार. माल बेळगावात येऊन थांबलाय, जीएसटीचे ४,९९९ भरले की गाडी दारात येते."

आण्णांचा हात खिशातच राहिला. मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "आतापर्यंत किती भरलेत?"

बाळूला हा प्रश्न आवडला नाही. तरी त्यानं सांगितलं. आधी फेसबुकवर जाहिरात दिसली, एका नावाजलेल्या पेन्सिल कंपनीच्या नावाची. नंबरवर मेसेज केला. त्यांनी आधार, फोटो आणि पासबुकाचं पहिलं पान मागितलं. नोंदणीचे ६२० रुपये भरल्यावर तासाभरात आक्काचा फोटो लावलेलं ओळखपत्र व्हॉट्सॲपवर आलं. दुसऱ्या दिवशी कुरिअरचे १,८५० झाले. आणि कट्ट्यावर आला त्याच दिवशी दुपारी मालाच्या विम्याचे ३,२०० गेले. म्हणजे ५,६७० रुपये. सगळे पहिल्या पगारात परत मिळणार होते, आणि माल पोचताच १५,००० रुपये आगाऊ मिळणार होते.

"फसलात की रे तुम्ही," मी म्हणालो.

बाळू भडकला. "तुला काय माहीत? ओळखपत्र आहे, शिक्का आहे, बोलणारा माणूस ताई-ताई करून नीट बोलतो. आणि डिपॉझिट कोण घेत न्हाई? गॅसवाला घेतो, लाईटवाला घेतो. लाखाचा माल घरी पाठवायचा म्हटल्यावर कंपनी सहाशे रुपये मागणारच की गा!"

त्याचा मुद्दा एकदम टाकण्यासारखा नव्हता. मला उत्तर सुचेना. मास्तर गणिताचे. ते म्हणाले, "डिपॉझिट बरोबर आहे म्हणतोस ना? मग माल किती येणार ते काढू."

त्यांनी चहावाल्याकडून बिलाचा कागद घेतला. एक डबी भरायची, म्हणजे दहा पेन्सिली मोजून एका तोंडानं लावायच्या, शार्पनर घालायचा, झाकण बंद करायचं. हात बसल्यावर मिनिटाला एक डबी धरू. आठ तास मान वर न करता काम केलं तर ४८० डब्या. पंचवीस दिवसांच्या १२,०००. तीस हजार भागिले बारा हजार, डबीमागे अडीच रुपये.

"दुकानात ती डबी पन्नासच्या आसपास मिळते," मास्तर म्हणाले. "त्यात लाकूड आलं, शिसं आलं, रंग आला, दुकानदाराची आणि वितरकाची कमाई आली. कारखान्यात मशीन ती डबी काही पैशांत भरतं. त्याच कामाला अडीच रुपये द्यायचे, वर निपाणीपर्यंत माल आणायचा आणि परत न्यायचा. आता वजन बघ. बारा हजार डब्या म्हणजे एक लाख वीस हजार पेन्सिली. एक पेन्सिल पाच ग्रॅम धर. सहाशे किलो होतात."

"सहा क्विंटल!" आण्णा तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढलेले, त्यांना वजन लगेच डोळ्यांपुढं दिसलं. "आक्काच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत?"

"थोडा थोडा येत असेल," बाळू म्हणाला. आवाज जरा उतरला होता.

"येऊ दे. पण आता तुझ्या डिपॉझिटाकडं ये. महिन्याचा माल दुकानभावानं सहा लाखांचा. एका आठवड्याचा दीड लाखाचा. दीड लाखाचा माल अनोळखी घरात ठेवायला तारण किती घेतलं? ६२० रुपये. गॅसवाला डिपॉझिट घेतो तेव्हा सिलिंडर त्याच वेळी तुझ्या हातात देतो, पावती देतो. इथं तारण मालाच्या मानानं काहीच नाही, आणि बदल्यात हातात आलेला माल शून्य."

मला वाटतं, सगळ्या वादात हाच मुद्दा खरा वजनाचा होता. आपण रक्कम लहान आहे म्हणून विश्वास ठेवतो. पण ६२० ही रक्कम कंपनीची जोखीम भागवायला ठरलेलीच नसते. समोरच्या बाईच्या डब्यात, नवऱ्याला न विचारता, जितके पैसे असतील तितकी ती ठरलेली असते. पुढचे आकडे वाढत जातात, कारण मागचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरतो. १,८५० भरताना आक्का पेन्सिलीसाठी भरत नव्हती, ६२० वाचवायला भरत होती. आता बाळू ४,९९९ मागत होता ते ५,६७० वाचवायला.

आण्णांनी वेगळ्याच बाजूनं धरलं. "बाळू, तुझी आई विड्या वळायची, आक्का वळते. ठेकेदारानं कामाला लावताना कधी पैसे घेतले? पान तो देतो, तंबाखू तो देतो. हजार विड्या वळून दिल्या की मजुरी. त्याला मालाची भीती नसते काय? असते. म्हणून तर पान आणि तंबाखू मोजून देतो, खराब विड्यांची छाट काढतो, मजुरीत कापतो. लुबाडतो म्हण हवं तर, त्याच्याशी आपण भांडलोय. पण कापतो ते मजुरीतनं. कामाच्या आधी बाईच्या पदराला हात घालत न्हाई."

"तेच तर मी त्यांना विचारलं," बाळू एकदम म्हणाला. "म्हटलं, पंधरा हजार ॲडव्हान्स देणार आहात ना, त्यातनंच कापा. तर म्हणाले सिस्टम घेत न्हाई, आधी नोंद क्लिअर व्हावी लागते."

कुणी काही बोललं नाही. बोलता बोलता त्यालाच ऐकू आलं असावं.

मी त्याच्या फोनवर पैसे गेल्याच्या नोंदी बघायला मागितल्या, कारण पहिले दोन्ही भरणे त्याच्याच फोनवरून झाले होते. दोन्ही नोंदींत पैसे घेणाऱ्याचं नाव वेगळं, आणि दोन्ही नावं साध्या माणसांची. क्यूआर स्कॅन केला की पिन टाकण्याआधी पडद्यावर नाव दिसतं ते बहुधा बँकेतल्या खात्याचं असतं. क्यूआरच्या चित्रावर वर कंपनीचं बोधचिन्ह छापणं कुणालाही जमतं, खालचं नाव बदलणं तितकं सोपं नाही. अर्थात "अमुक एंटरप्रायझेस" असं नाव दिसलं म्हणून पैसे सुरक्षित झाले असंही नाही, तसली खातीही भाड्यानं मिळतात. पण एकाच कंपनीचे पैसे दर वेळी नव्या माणसाच्या नावावर जात असतील तर तिथंच थांबायला हवं.

बाळूनं शेवटचा प्रयत्न केला. "माल बेळगावात आहे म्हणतात. ते खोटं असेल तर कळेल की."

"मग कळूच दे," मास्तर म्हणाले. "स्पीकरवर लाव. सांग, उद्या सकाळी टेम्पो घेऊन आम्हीच बेळगावात येतो, माल बघतो, तिथंच रोख भरतो. पत्ता द्या."

बाळूनं फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत गोड बोलत होता, पत्ता मागेपर्यंत. मग म्हणाला, गोदामात बाहेरच्यांना परवानगी नाही. बाळूनं गोदाम कुठल्या भागात आहे एवढंच विचारलं. तेव्हा सूर बदलला. पार्सल तुमच्या नावावर निघालंय, आज रात्रीपर्यंत पैसे आले नाहीत तर कंपनी केस करेल, पोलीस घरी येतील. आणि फोन कट. बाळूनं परत लावला तर लागेना. व्हॉट्सॲपवरचा फोटोही गेला होता.

आम्ही उठलो आणि तिघं-चौघं आक्काच्या घरी गेलो. बाळूला वाटत होतं, नंबर महाराष्ट्रातला वाटतोय तर कोल्हापुरात तक्रार द्यावी लागेल. सीमेवर राहून आपल्या डोक्यात हे पक्कं बसलंय, की आपलं काम नेहमी पलीकडच्या कचेरीत असतं. पण १९३० हा नंबर साऱ्या देशाचा आहे. पैसे कुठंही गेले असोत, तक्रार इथूनच देता येते. cybercrime.gov.in वरही देता येते. पुढं ठाण्यात जायचं झालं तर बेळगावात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन पोलीस ठाणं आहे.

आक्का दारातच होती. पुढ्यात विड्या वळायचं सूप नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, पार्सल येणार म्हणून ठेकेदाराच्या मुनशीला परवाच सांगितलं, आता पान-तंबाखू पाठवू नका. खोली तिनं रिकामी करून, सारवल्यासारखी पुसून ठेवली होती. मास्तरांनी तिला गणित सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "आक्का, ते लोक चोर आहेत. चूक तुझी नाही. आता घाई करायची आहे."

घाई कशाला, तर ३,२०० त्याच दुपारी तिच्या फोनवरून गेले होते. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाहीत, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवून काढून घेतात. तक्रार वेळेत गेली तर वाटेतल्या बँका ती रक्कम अडवून धरू शकतात. मग ती परत मिळवायला पुढं पोलिसांची आणि गरज पडली तर कोर्टाची वाट असते. आदल्या दिवसांचे ६२० आणि १,८५० तोवर बहुधा निघून गेले असणार, हे आम्ही तिला सांगितलं. खोटी आशा लावून काय उपयोग?

१९३० लागायला वेळ गेला. तिकडच्या बाईनं विचारलं ते ठरलेलं होतं: किती रक्कम, कधी, कुठल्या बँकेतून, कुठल्या यूपीआय आयडीवर, आणि यूटीआर नंबर. आक्काला वाटलं आता संपलं, कारण त्या माणसाच्या सांगण्यावरून तिनं सगळे मेसेज पुसले होते. पण बारा आकडी यूटीआर पैसे पाठवायच्या ॲपच्या नोंदीत राहतोच, बँकेच्या खातेउताऱ्यातही येतो. बाळूनं नोंद उघडून दिली आणि आक्कानं एकेक आकडा वाचला. तीन भरणे, तीन नंबर. थोड्या वेळानं तक्रारीचा क्रमांक मेसेजनं आला.

आधार आणि पासबुकाचं काय, हे विचारायचं आम्ही विसरलोच असतो. आण्णांनी आठवण केली. sancharsaathi.gov.in वर आक्काच्या नावावर किती सिम आहेत ते बघितलं, दोनच निघाली, दोन्ही घरातलीच. बँकेत सकाळी जायचं ठरलं. मी तिला एक गोष्ट दोनदा सांगितली. कुणी अनोळखी माणूस तिच्या खात्यात पैसे टाकेल आणि "चुकून आलेत, इकडं पाठवा" म्हणेल, तर पाठवायचे नाहीत, आधी बँकेला सांगायचं. तसं खातं वापरून पुढच्या बाईचे पैसे फिरवतात, आणि पोलीस मग आक्काच्या दारात येतात. आणि "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, फक्त फी भरा" असा फोन आला तर तेही तेच लोक समजायचे.

आक्का सगळं ऐकत होती. शेवटी तिनं ओळखपत्राबद्दल विचारलं. शेजारच्या दोघींना तिनं ते दाखवलं होतं आणि त्याही नाव घालणार होत्या. ती चप्पल घालून तशीच त्यांच्याकडं गेली.

बाळू मुनशीच्या घराकडं वळला, उद्याचं पान-तंबाखू परत चालू करा म्हणून सांगायला.