टंचाईचे हे नाटक आता पुरे

गोळ्यांच्या टंचाईची जाहिरात करणारा आणखी एक सर्व्हायव्हल गेम नुकताच संपवला. शेवटच्या लढाईनंतर बॅग उघडून पाहिली, तर शॉटगनची काडतुसे ढिगाने शिल्लक! संपूर्ण खेळभर आम्ही जीव मुठीत धरून एकेक गोळी वाचवायची आणि खेळाने मात्र पडद्यामागून आमच्या खिशात डोकावून, साठा आटला की पुढच्याच कपाटात नेमके हवे ते खोके आणून ठेवायचे, याला टंचाई म्हणत नाहीत. ही शुद्ध फसवणूक आहे.

२००८ च्या 'डेड स्पेस'मध्ये जवळ जी शस्त्रे बाळगाल, प्रामुख्याने त्यांच्याच गोळ्या सापडतात. ही गोम कळलेला खेळाडू चार बंदुका घेऊन साठा चार ठिकाणी वाटत बसत नाही; सुरुवातीलाच मिळणारा प्लाझ्मा कटर घेऊन तो शेवटपर्यंत जातो. तिथे निदान त्या कटरने राक्षसांचे अवयव छाटण्यात कौशल्य तरी लागते. त्याची नक्कल करणाऱ्यांनी मात्र हिशेब तेवढा उचलला आणि शस्त्रनिवडीला काही अर्थच ठेवला नाही.

त्याहून संताप येतो तो रीलोडचा. पंधरा गोळ्यांच्या मॅगझिनमधून तीन झाडल्या आणि सवयीने बटण दाबले, की उरलेल्या बारा गोळ्या जादूने राखीव साठ्यात जमा होतात आणि हातात पुन्हा भरलेले पिस्तूल येते. मग प्रत्येक चकमकीनंतर रीलोड न करण्याचे कारणच काय? 'एस्केप फ्रॉम टार्कोव्ह'मध्ये अर्धवट मॅगझिन अर्धवटच राहते. ते भरायचे तर आडोसा शोधून एकेक गोळी आत सारावी लागते आणि तेवढा वेळ हात अडकलेले असतात. घाईत तेच मॅगझिन पुन्हा चढवले, तर ऐन वेळी बंदूक रिकामी होते. भीती निर्माण होते ती या हिशेबातून, अंधाऱ्या बोळातल्या किंचाळ्यांतून नव्हे.

'मेट्रो २०३३'ने २०१० मध्येच हे साधले होते. तिथे युद्धापूर्वीच्या उत्तम लष्करी गोळ्या हेच चलन आहे. त्या बंदुकीत भरल्या तर मारा जबर होतो, पण झाडलेली प्रत्येक गोळी म्हणजे उडवलेला पैसा! त्यामुळे भुयारांत बनवलेल्या कामचलाऊ काडतुसांवर निभावायचे की तिजोरी रिकामी करायची, हे कुत्रे अंगावर धावून येत असताना ठरवावे लागते.

इतकी वर्षे हे उदाहरण समोर असताना आजचे निर्माते लढाईआधीच्या खोलीत गोळ्यांची रास मांडून ठेवतात. पुढे मोठा राक्षस आहे, हे त्यावरून शेंबडे पोरही ओळखते. गोळ्या कमी द्यायच्या असतील तर खरोखर कमी द्या, आम्ही सुरा घेऊन लढू किंवा पळून जाऊ. आणि भरपूर द्यायच्या असतील तर मुखपृष्ठावर 'प्रत्येक गोळी मोलाची' असे छापू नका.