सात वाजताचं कोवळं ऊन आणि आत्याची बंद झालेली पुडी

«व्हिटॅमिन डीच्या महागड्या पुड्या बंद करा! रोज एक ग्लास हळदीचं दूध, चमचाभर साजूक तूप, आठवड्यातून दोनदा मशरूम आणि सकाळी सात वाजता पंधरा मिनिटं कोवळं ऊन. महिन्याभरात कमतरता गायब.»

इंदूरला माझी आत्या राहते, वय ६८. रक्तात व्हिटॅमिन डी ९ नॅनोग्रॅम निघालं, २० च्या खाली म्हणजे कमतरता. डॉक्टरांनी आठवड्याला एक पुडी, अशी आठ आठवडे लिहून दिली होती. वर दिलेला संदेश वाचून तिने तिसऱ्या पुडीनंतर औषध थांबवलं. संक्रांतीला गेलो तेव्हा ती गच्चीत शाल गुंडाळून बसलेली, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी ती वेळ. जानेवारीच्या मध्याला इंदूरला सूर्य सात वाजून दहा मिनिटांनी उगवतो. सात वाजता ऊनच नसतं! साडेसातला येतं, पण तेव्हा सावली माणसाच्या उंचीच्या दहा पटींहून लांब पडते. कातडीत व्हिटॅमिन डी तयार करतात ते यूव्ही-बी किरण. सूर्य खाली असला की किरणांना हवेतून तिरपी, लांब वाट कापावी लागते आणि यूव्ही-बी वाटेतच ओझोनमध्ये जिरतात. ऊब आणि उजेड पोचतो, कामाचे किरण नाही. १९८८ साली वेब, क्लाइन आणि हॉलिक या संशोधकांनी हेच मोजलं. बॉस्टनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी, निरभ्र आकाशाखाली ठेवूनसुद्धा कातडीत काही तयार झालं नाही, कारण तिथे हिवाळ्यात सूर्य दिवसभर खालीच असतो. ३४ अंश आणि १८ अंश अक्षांशांवर मात्र ऐन हिवाळ्यातही झालं. इंदूर साधारण २३ अंशांवर आहे, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात ऊन आहे, फक्त दुपारचं.

वेळ कळायला घड्याळापेक्षा सावली बरी. सावली आपल्या उंचीएवढी किंवा तिच्याहून आखूड असेल तेव्हा ऊन उपयोगाचं. जानेवारीत हे इंदूरला साडेबाराच्या सुमारास जेमतेम जमतं, मे महिन्यात मात्र साडेनऊलाच. तेव्हाही हात, पिंढऱ्या, पाठ उघडी हवी. आत्याने शालीतून बाहेर ठेवलेल्या दोन पंजांनी काय होणार? गॅलरीच्या काचेआडून तर नाहीच, काच यूव्ही-बी अडवते. शिवाय सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो, आणि सत्तरीच्या आसपास कातडीतला मूळ कच्चा माल निम्म्याहून कमी उरतो. तासन्‌तास बसूनही भरपाई होत नाही, कारण एका मर्यादेनंतर तयार झालेला पदार्थ उन्हातच मोडतो. कातडी भाजते ती वेगळीच.

आता दूध. मोठ्या माणसाला दिवसाला व्हिटॅमिन डीचे ६०० एकक लागतात. साध्या गाईच्या दुधाच्या ग्लासात, २०० मिलीत, असतात चारेक. हिशोब करा: दीडशे ग्लास, म्हणजे ३० लिटर. गाय स्वतःच्या कातडीत व्हिटॅमिन डी बनवते, पण दुधात त्यातलं फार थोडं उतरतं. आईच्या दुधाचंही तसंच, म्हणून तर तान्ह्या बाळांना थेंब देतात. हळदीने यात एका एककाचीही भर पडत नाही. चमचाभर तुपात तीन-चार एकक, बस. पिशवीवर ‘प्लस एफ’चं निळं चिन्ह असेल तर त्या दुधात वरून घातलेलं असतं. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे लिटरला २०० ते ३०० एकक, म्हणजे ग्लासाला ४० ते ६०. अंड्याच्या बलकातही तेवढंच. कॅल्शियमसाठी दूध प्यावं, ते वेगळं.

खाण्यातून खरोखर भरपूर मिळतं ते सॅल्मनसारख्या तेलकट माशांतून आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलातून, कारण हे मासे ते अंगात साठवतात. आत्याच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

मशरूमचं अर्धं खरं आहे, हे मान्य करावं लागेल. त्यातल्या एर्गोस्टेरॉल नावाच्या पदार्थाचं यूव्ही-बीने व्हिटॅमिन डी-२ होतं. पण बाजारातलं मशरूम अंधारात वाढलेलं असतं, त्यात जवळपास काही नसतं. चिरून दुपारच्या उन्हात पंधरा-वीस मिनिटं ठेवलं तर १०० ग्रॅममध्ये ४०० एककांपर्यंत किंवा जास्तही जातं. म्हणजे तिथेही काम उन्हानेच केलं, आणि तेही दुपारच्या.

पुड्यांबद्दल एकच. ६०,००० एककांची पुडी आठवड्याला एक असते, रोज नाही. रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम चढतं, तहान, उलट्या, पुढे मूत्रपिंडाला त्रास. संख्या डॉक्टरांनीच ठरवायची. आत्याला मी समोर बसवून फोन लावून दिला. डॉक्टरांनी उरलेल्या पाच पुड्या पूर्ण करायला आणि त्यानंतर पुन्हा रक्त तपासायला सांगितलं. पहिली तिने रविवारी घेतली.