घडणावळीवर पाच टक्के कधी लागतात?

“भाऊ, तुमचा गोफाचा हिशोब चुकला. घडणावळीवर ५ टक्के जीएसटी असतो, तुम्ही सरसकट ३ टक्के लावून मोकळे झालात. शिवाय ४ टक्के घट कशावर धरली तेच कळत नाही. अर्धवट लिहून लोकांना गोंधळात टाकू नका.”

सोन्याच्या गोफाच्या बिलावरच्या माझ्या लेखावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया. दादा, घटीपुरती चूक माझी, कबूल. ‘४ टक्के’ लिहिलं आणि पुढे निघून गेलो. आता नीट मांडतो. आकडेमोड सोपी जावी म्हणून २२ कॅरेटचा दर ग्रॅमला १०,००० धरू.

दीड तोळ्याचा गोफ, म्हणजे काट्यावर १५ ग्रॅम. सोन्याचे १,५०,००० झाले. घट, म्हणजे घडवताना वाया जाणारं सोनं, निव्वळ वजनावर धरली, ४ टक्क्यांनी ०.६ ग्रॅम, तिचे ६,०००. घडणावळ ८ टक्के, तीही फक्त १५ ग्रॅमच्या किमतीवर, १२,०००. बेरीज १,६८,०००. त्यावर ३ टक्के, ५,०४०. एकूण १,७३,०४०. हॉलमार्कचे नगाला ४५ रुपये आणि त्यावरचा कर मिळून ५३ रुपये १० पैसे वेगळे.

काही दुकानदार आधी वजनात घट मिळवतात आणि मग १५.६ ग्रॅमवर घडणावळ लावतात. ती १२,४८० होते. कर धरून साधारण ४९४ रुपये जास्त गेले. बिलावर वजन १५.६ छापलेलं दिसलं तर तिथेच थांबवा, कारण बिलात निव्वळ वजन, म्हणजे काट्यावरचे १५ ग्रॅमच, यायला हवं. घट हा तसाही ठरवाठरवीचा आकडा आहे. कानस, डाख, पॉलिश यांत सोनं उडतं हे खरं, पण कारागीर ती धूळ झाडून, गाळून बरीचशी परत मिळवतो. मशीनच्या गोफाला हाताने घडवलेल्या, खडे बसवलेल्या दागिन्याइतकी घट कशी लागेल? नागपूरच्या इतवारीत सराफ्यात हा प्रश्न विचारला की घट खाली येते, हा माझा अनुभव. पण लगेच घडणावळ वर सरकते, म्हणून दोन्हींची बेरीज करूनच घासाघीस करा.

आता पाच टक्के. तो दर आहे, पण तो मजुरीच्या कामाचा. सोनं तुमचं, घडवणारा फक्त कारागिरीचे पैसे घेतो, तेव्हा लागतो. आजीच्या पाटल्या दिल्या आणि त्याच सोन्याचा गोफ घडवून घेतला, तर १२,००० मजुरीवर ५ टक्के म्हणजे ६०० रुपये, सोन्यावर काही नाही. दुकानातून तयार गोफ घेतला तर सोनं आणि घडणावळ ही एकच विक्री धरली जाते. २०१७ च्या केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ८ प्रमाणे अशा एकत्र पुरवठ्याला मुख्य वस्तूचा दर लागतो आणि मुख्य वस्तू सोन्याचा दागिना आहे, म्हणून सगळ्यावर ३ टक्के. तुमच्या पद्धतीने कर ५,२८० येतो, म्हणजे २४० रुपये जास्त. इंटरनेटवरची कित्येक कॅल्क्युलेटरं अशीच चालतात, तेव्हा तुमचा दोष नाही. बिलात ओळखायचं असेल तर दागिन्याच्या ओळीला ७११३ हा एचएसएन क्रमांक असतो आणि दीड-दीड टक्क्याचे दोन कर दिसतात. मजुरीची नोंद ९९८८ खाली येते.

इथे एक खोच आहे आणि तिच्यात माझी बहीणही फसली होती. तिने पाटल्या मोडीत दिल्या आणि तयार गोफ उचलला. तिला वाटलं, सोनं आपलंच, आपल्याला मजुरीवरचाच कर. पण दुकानाने जुनं सोनं ‘विकत घेतलं’ आणि नवा गोफ ‘विकला’, म्हणजे दोन वेगळे व्यवहार. समजा मोडीचे ९०,००० आले, तरी कर ७८,००० वर नाही, पूर्ण १,६८,००० वर, ५,०४० च. द्यायचे उरले १,७३,०४० वजा ९०,०००, म्हणजे ८३,०४०. तेच सोनं घडवायला द्यायचं असेल तर दागिना देतानाच तसं लिहून घ्यावं लागतं, तयार माल निवडल्यावर नाही.

आणि २४० रुपयांवर भांडण्याआधी दर पाहा. फलकावरचा १०,३०० हा आकडा जीएसटीसह असेल आणि बिलात तोच घालून शेवटी पुन्हा ३ टक्के लावले, तर बेरीजच १,७३,०४० होते आणि बिल १,७८,२३१ वर जातं. म्हणून भाव विचारताना ‘जीएसटी धरून की सोडून?’ एवढं आधी विचारा. मूळ लेखात घटीची दुरुस्ती आजच करतो.