सॉफ्टवेअर बसवा, रोज बसवा

शाळेच्या संगणक कक्षात नव्याने रुजू झालेल्या सरांना आणि मॅडमना माझा पहिला सल्ला असा, की कक्षप्रमुखांना काहीही विचारू नका. विचारलं की कळतं, आणि कळलं की शनिवारची दुपार मोकळी मिळते. मोकळ्या दुपारी मग घरची कामं निघतात. त्यापेक्षा पेन ड्राइव्ह खिशात टाका आणि सरळ कामाला लागा.

समजा, सातवीच्या मुलांना स्क्रॅच शिकवायचंय. कक्षात वीस संगणक. शनिवारी शाळा सुटल्यावर पहिल्या मशिनवर बसा. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. डेस्कटॉपवर स्क्रॅचचं केशरी मांजर आलं, उघडून बघितलं, चाललं. एका मशिनला पंधरा मिनिटं धरली तर वीस मशिनचे पाच तास. शिपाईमामा दोनदा डोकावून किल्ल्या वाजवून जातील, तिकडे लक्ष देऊ नका. सगळे संगणक नीट शटडाउन करून कुलूप लावा आणि सोमवारी मुलांना रांगेत आणून बसवा. मशिन सुरू होतील, डेस्कटॉप येईल, मांजर मात्र एकाही मशिनवर नसेल.

आता संशय घ्यायला सुरुवात करा. आधी आठवीच्या त्या दोन मुलांवर, मग अँटिव्हायरसवर, मग पेन ड्राइव्हवर. खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी पांढऱ्या अस्वलाचं एक बारकं चित्र असेल, त्याच्याकडे मात्र चुकूनही बघू नका.

ते अस्वल डीप फ्रीझ नावाच्या सॉफ्टवेअरचं. चित्रकलेच्या तासाला मूळ चित्रावर बटर पेपर ठेवून गिरवतात ना, तोच प्रकार. तुम्ही सी ड्राइव्हवर जे काही लिहिता, ते मूळ जागी जातच नाही. डीप फ्रीझ मधल्यामध्ये ते अडवतं, डिस्कवरच्या मोकळ्या जागेत वळवतं आणि काय कुठे वळवलं याची नोंद ठेवतं. विंडोजने विचारलं की त्या नोंदीत बघून नवं काढून देतं, त्यामुळे विंडोजला आणि तुम्हाला वाटतं की सगळं जागच्या जागी बसलंय. मशिन रिस्टार्ट झालं की ती नोंद जाते. बटर पेपर उचलला, खालचं चित्र होतं तसंच. म्हणून तर मशिन लगेच सुरू होतं. तुमचं स्क्रॅच एकेक फाइल करून पुसत बसायची त्याला गरजच नसते.

हे कळल्यावर शहाणी माणसं जे करतात ते तुम्हीही करा: डी ड्राइव्हवर इन्स्टॉल करा. बऱ्याच शाळांत सी डीप फ्रीझने असा गोठवलेला असतो आणि मुलांच्या फायलींसाठी डी मोकळा सोडलेला असतो, त्यामुळे कल्पना वरवर झकास आहे. रिस्टार्टनंतर डीवर फोल्डर अगदी शाबूत दिसेल. पण डेस्कटॉपवरचा शॉर्टकट गेला, स्टार्ट मेनूतलं नाव गेलं, कारण ते सीवर होतं. कोणता प्रोग्रॅम कुठे बसलाय हे विंडोज जिथे टिपून ठेवतं ती रजिस्ट्रीही सीवरच राहते, तेव्हा तिथल्या नोंदीही गेल्या. काही प्रोग्रॅम तरीही फोल्डरात जाऊन डबल क्लिक केल्यावर चालतात. बाकीचे ‘अमुक फाइल सापडत नाही’ म्हणून हात वर करतात. घर उभं आहे आणि सातबाऱ्यावर नाव नाही, अशी ही अवस्था.

याहून भारी करमणूक हवी असेल तर रिस्टार्ट मागणारं सॉफ्टवेअर निवडा. ते अर्धं बसतं आणि म्हणतं, आता रिस्टार्ट करा, उरलेलं नंतर बसवतो. तुम्ही रिस्टार्ट करता आणि ‘नंतर’ येतच नाही, कारण ‘आधी’च पुसलं गेलेलं असतं. विंडोजचे अपडेटही बंद ठेवले नसतील तर गोठवलेल्या मशिनवर असेच दिवसभर उतरत राहतात आणि संध्याकाळी निघून जातात. शाळेचं इंटरनेट इतकं का रडतं, याचं एक कारण हेही असू शकतं.

ज्यांना या करमणुकीची आवड नाही अशा अरसिक लोकांसाठी आता नाइलाजाने लिहितो. आधी खात्री करा. नोटपॅडमध्ये एक ओळ लिहून एक फाइल डेस्कटॉपवर आणि एक डीवर ठेवा आणि रिस्टार्ट करा. डेस्कटॉपवरची गेली आणि डीवरची राहिली, तर सी गोठवलेला आणि डी मोकळा. दोन्ही गेल्या, तर दोन्ही गोठवलेले. अस्वलाचं चित्र लपवूनही ठेवता येतं, त्यामुळे ते दिसलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. चाचणी फायलीचीच खरी.

मग कक्षप्रमुखांकडे जा. हो, शेवटी तिथेच जायचंय. पासवर्ड त्यांच्याकडे असतो (आणि कधीकधी कीबोर्डच्या खाली चिकटवलेला असतो, पण ते आपण बघितलं नाही). शिफ्ट दाबून अस्वलावर डबल क्लिक करायचं, किंवा Ctrl+Alt+Shift+F6. पासवर्ड दिला की बूट कंट्रोलमध्ये तीन पर्याय दिसतात: Boot Frozen, Boot Thawed on next आणि Boot Thawed. मधल्यात किती वेळा ते सांगायचं असतं. पर्याय निवडला म्हणजे मशिन लगेच वितळलं असं नाही. रिस्टार्ट झाल्यावरच ते लागू होतं. अस्वलावर लाल फुली लुकलुकायला लागली की समजायचं, आता लिहिलेलं टिकणार. मग इन्स्टॉल करा, उघडून बघा, परत Boot Frozen करा आणि रिस्टार्ट करा. त्यानंतर आणखी एकदा रिस्टार्ट करून मांजर जागेवर आहे ना ते बघा. हे शेवटचं रिस्टार्ट सगळे टाळतात आणि सोमवारी मुलांसमोर करतात.

मधला पर्याय निवडताना आकडा एक ठेवायची घाई नको. सॉफ्टवेअरने मध्येच रिस्टार्ट मागितलं, तर मशिन दुसऱ्या खेपेला गोठलेलंच उठतं. मग पहिलं अर्धं कायमचं बसतं, दुसरं अर्धं बसतं आणि पुसलं जातं. रोज सकाळी मशिन सुरू झालं की तेच अर्धं सॉफ्टवेअर पुन्हा नव्या उमेदीने बसायला लागतं. मी हे एका कक्षात पूर्ण सत्रभर चाललेलं पाहिलंय. मुलांना वाटायचं, विंडोज असंच सुरू होतं.

कक्षप्रमुख रजेवर असतील तर स्क्रॅच ब्राउझरमध्ये उघडा. इन्स्टॉल करायची गरजच नाही, फक्त नेट हवं. मुलांनी संगणकावर सेव्ह केलेलं काम मात्र डाउनलोड्समध्ये जातं आणि डाउनलोड्स सीवर असतं. तास संपायच्या दहा मिनिटं आधी सगळ्यांच्या .sb3 फायली डीवर किंवा पेन ड्राइव्हवर हलवायला लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी वीस मुलं मिळून तुमच्याकडे बघतील. डी मोकळा नसेल तर कक्षप्रमुखांना थॉस्पेस करून मागा. गोठवलेल्या मशिनवरही टिकणारा तो एक वेगळा ड्राइव्ह असतो. इन्स्टॉल न करता चालणारे पोर्टेबल प्रोग्रॅमही तिथे ठेवले तर राहतात.

आणि हो, मशिन वितळलेलं असताना एखाद्या मुलाचा पेन ड्राइव्ह जरूर लावून बघा. सगळ्या फायलींचे शॉर्टकट करून टाकणारा तो आपला जुना ओळखीचा व्हायरस त्यात असेल, तर Boot Frozen करा. तोही रोज सकाळी ताजातवाना होऊन हजर असेल.