फिल्टर ढगांआडची पेरणी दाखवत नाही

“ढगांमुळे हुकलेल्या तारखा सॅव्हिट्स्की–गोले फिल्टरने भरून काढा. एनडीव्हीआयचा वक्र गुळगुळीत झाला की पेरणी आणि कापणीची तारीख त्यावरून थेट वाचता येते.”

एनडीव्हीआय म्हणजे उपग्रहाच्या प्रतिमेवरून काढलेला शेताच्या हिरवेपणाचा आकडा. हा फिल्टर शेजारच्या काही आकड्यांवरून त्याचा वक्र गुळगुळीत करतो, पण काहीही भरून काढत नाही. त्याला समान अंतरावरचे आकडे लागतात, म्हणून रिकाम्या तारखांवर आधी आपणच सरळ रेषेने आकडे बसवतो. समजा, दर ५ दिवसांनी प्रतिमा मिळते. १० व्या दिवशी एनडीव्हीआय ०.१८ आहे, त्यानंतर थेट ४५ व्या दिवशी ०.६२. मधल्या सहाही प्रतिमा ढगाळ. फिल्टर एका वेळी ७ बिंदू पाहत असेल, तर ही खिडकी ३० दिवस व्यापते, म्हणजे खंडाच्या मध्यावर तिला आपण ओढलेली रेषाच दिसते. सरळ रेषा कितीही गुळगुळीत केली तरी सरळच राहणार.

आता तारीख काढून पाहू. हंगामाचा उच्चांक ०.७८ धरला, तर तळापासूनची वाढ ०.६० होते. तिच्या २० टक्क्यांवर हंगामाची सुरुवात मानायची, म्हणजे उंबरठा ०.३०. रेषेवर तो २० व्या दिवसाच्या आसपास ओलांडला जातो. पण पीक आधी रेंगाळतं आणि मग झपाट्याने वाढतं. त्याच दोन नोंदींजवळून जाणारा एस आकाराचा वक्र उंबरठा २९ व्या दिवशी गाठू शकतो. नोंदी त्याच, तारखेत ९ दिवसांचा फरक! त्यामुळे मी अशा शेतासाठी एकच तारीख देणार नाही, ‘१० ते ४५ च्या दरम्यान’ ही मर्यादाही सोबत लिहीन. आपली पद्धत किती चुकते हे तपासायला स्वच्छ आकाशाचा एखादा हंगाम घ्या, त्यातल्या नेमक्या याच तारखा झाका आणि उत्तर किती सरकतं ते पाहा.

शिवाय २९ वा दिवसही पेरणीचा नव्हे. उपग्रहाला बी दिसत नाही, जमीन झाकू लागलेली पानं दिसतात. त्याआधीचे दिवस पिकावर, ओलीवर आणि ओळींमधल्या अंतरावर ठरतात. ते प्रत्यक्ष शेतातल्या नोंदींवरूनच वजा करावे लागतात. पेरणीआधी तण माजलं असेल तर वक्र उलट लवकर चढतो.

कापणीकडे चूक वेगळी होते. ढगाने एनडीव्हीआय खाली येतो म्हणून बरेच जण वरच्या कडेला चिकटणारं गुळगुळीतकरण वापरतात, म्हणजे खाली पडलेला बिंदू ढगाळ समजून वर उचलायचा. पण कापलेलं शेतही असंच अचानक खाली येतं. ०.५५ नंतरचा खरा ०.२२ ढग समजून उचलला गेला की कापणी एक-दोन प्रतिमा पुढे ढकलली जाते. अशा वेळी प्रतिमेतला निळ्या प्रकाशाचा पट्टा उघडून बघा. दाट ढगात तो उजळतो, उघड्या मातीवर सहसा कमीच राहतो. ढगाची सावली मात्र निळ्यातही काळी दिसते, तेव्हा सावलीतल्या नोंदी वगळणारा वेगळा मुखवटा लागतोच. आणि पीक वाळून उभंच असेल, तर एनडीव्हीआय कापणीच्या कितीतरी आधी उतरलेला असतो. तिथे ढगांतून पाहणाऱ्या रडारच्या नोंदी सोबत घ्याव्यात, कारण उभी ताटं हटल्यावर परत येणारा संकेत बऱ्याचदा बदलतो.