सरकी पेंडीचा आकडा, चौकोन आणि तुमच्या गाईंचं उतरलेलं दूध

वाचकाची प्रतिक्रिया: "ताई, तुमचा तो चौकोन बघून मका साडेचौसष्ट किलो आणि सरकी पेंड साडेपस्तीस किलो मिसळून खुराक केला. वीस टक्के प्रोटीन म्हणालात. दहा दिवसात दोन्ही गाईंचं दूध दीड दीड लिटरने उतरलं, शेण पातळ, फॅट ३.८ चा ३.३ वर आला. वर मिनरल मिक्श्चरचं तुम्ही काही सांगितलंच नाही. ही गणितं कागदावर ठीक आहेत, गोठ्यात चालत नाहीत. कंपनीची गोणीच बरी. लोकांना नादी लावू नका."

राम राम दादा. प्रतिक्रिया वाचली आणि आधी माझीच जुनी पोस्ट उघडून बघितली, ज्यात दोन घटक किती किती मिसळले की हवं तेवढं प्रोटीन येतं हे काढायची चौकोनाची रीत दिली होती. दोन चुका माझ्या आहेत, त्या आधी सांगते. त्यातली एक मोठी आहे आणि तुमचं दूध बहुतेक तिनेच उतरवलं.

माझ्या तक्त्यात सरकी पेंड ४० टक्के प्रोटीन असं लिहिलंय. तो आकडा साल काढलेल्या सरकीच्या पेंडीचा आहे. आपल्याकडे दुकानात जी मिळते ती बहुतेक सालीसकट दळलेली असते, तिच्यात २२ ते २४ च्या आसपास प्रोटीन असतं. मी 'साल काढलेली' हे दोन शब्द लिहिले नाहीत, आणि तुम्ही दुकानातली साधी पेंड घेऊन ४० समजून हिशोब केलात. तुमच्या पेंडीचा तुकडा हातात घेऊन फोडून बघा, आत काळपट सालीचे कपचे आणि कापसाची बारीक लव दिसली की ती सालीसकटची. साल काढलेली पेंड पिवळसर, एकसारखी दिसते आणि हाताला कमी खरबरीत लागते.

आता तुमचंच मिश्रण खऱ्या आकड्यांनी करून बघू. मका ९ टक्के धरला तर ६४.५ किलोत ५.८ किलो प्रोटीन, सरकी पेंड २३ टक्के धरली तर ३५.५ किलोत ८.२ किलो. झाले १४ किलो. म्हणजे तुम्ही २० समजून गाईला १४ टक्क्यांचा खुराक घातलात. गाईमागे रोज सहा किलो घालत असाल तर १२०० ग्रॅमऐवजी ८४० ग्रॅमच प्रोटीन गेलं, ३६० ग्रॅमची तूट. गाईला एक लिटर दुधामागे साधारण ८५-९० ग्रॅम प्रोटीन लागतं, त्या हिशोबाने तूट दीड लिटरपेक्षा मोठीच आहे, पण गाय थोडं वैरणीतून आणि थोडं स्वतःच्या अंगातून भागवते म्हणून लगेच सगळं दिसत नाही. अजून महिनाभर असंच चाललं असतं तर गाय वाळलेली दिसली असती.

चौकोन इथे चुकला नाही दादा, त्याच्या कोपऱ्यात आकडा चुकीचा पडला. चौकोनाला फक्त वजाबाकी येते, तुम्ही ज्याला ४० म्हणाल त्याला तो ४० च धरणार, पेंडीत काय आहे ते त्याला कळत नाही. म्हणून कोपऱ्यात आकडा लिहिण्याआधी माल कोणता आहे ते बघायचं. पोत्यावर लेबल असेल तर त्यावरचा आकडा घ्यायचा, मोठी खरेदी असेल तर नमुना तपासून घ्यायचा. आणि तपासणीतसुद्धा एक फसगत असते, लॅबमध्ये नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणून प्रोटीन काढतात, त्यामुळे पेंडीत कुणी युरिया मिसळला असेल तर आकडा उलट वरच दिसतो. बाजारभावापेक्षा फारच स्वस्तात सोयापेंड मिळत असेल तर तिथेच थांबा.

पातळ शेण आणि फॅट उतरण्याचं कारण वेगळं आहे असं मला वाटतं. साडेचौसष्ट टक्के मका म्हणजे सहा किलोत जवळजवळ चार किलो मका. तो तुम्ही पिठाच्या गिरणीतून बारीक काढून आणलात का, भरडून आणलात? पिठासारखा मका पोटात गेला की पटकन आंबतो, पोटातली आम्लता वाढते, गाय रवंथ कमी करते, शेण पातळ होऊन त्यात बुडबुडे दिसतात आणि फॅट खाली येतो. आणि जुनं खाद्य बंद करून एकाच दिवसात नवं सुरू केलं असेल तर पोटातल्या जिवाणूंना जमवून घ्यायला वेळच मिळत नाही. खाद्य बदलताना आठ-दहा दिवस घ्यायचे, पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण. हे मी आधीच्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. दुपारी गाई बसलेल्या असताना जाऊन बघा, बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करत नसतील तर पोटात गडबड आहे हे समजा.

दुसरी चूक मिनरलची. मी १०० किलोचा हिशोब केला आणि मग "वरून मिनरल मिक्श्चर आणि मीठ घाला" असं म्हणून सोडून दिलं. तीन किलो वरून घातले की एकूण १०३ किलो होतं आणि २० चा १९.४ होतो, फरक छोटा आहे पण पद्धत चुकीची आहे. आधी जागा राखायची आणि मग चौकोन करायचा. आता नीट करून दाखवते, घटक असे घेतलेत की तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळावेत.

१०० किलोत २ किलो मिनरल मिक्श्चर आणि १ किलो मीठ, यांच्यात प्रोटीन शून्य. उरलेल्या ९७ किलोत २० किलो प्रोटीन बसवायचंय, म्हणून चौकोनाच्या मध्यभागी २० नाही तर २० भागिले ०.९७, म्हणजे २०.६ लिहायचं.

चौकोनात दोनच कोपरे असतात, चार घटक कसे बसवायचे असं बरेच जण विचारतात. दोन गट करायचे. धान्य-भुशाच्या गटात दोन भाग मका भरडा आणि एक भाग गहू भुसा (कोंडा म्हणतात तो, काड नव्हे). मका ९, भुसा १५, तर सरासरी ९+९+१५ भागिले ३ म्हणजे ११. पेंडीच्या गटात सरकी पेंड आणि सोयापेंड निम्मी-निम्मी. २३ आणि ४५ ची सरासरी ३४. गटातलं प्रमाण तुम्हीच ठरवायचं, पण एकदा ठरवलं की शेवटपर्यंत मोडायचं नाही.

```
धान्य गट   ११            १३.४ भाग
                 २०.६
पेंड गट    ३४             ९.६ भाग
```

तिरकं वजा करायचं, मोठ्यातून लहान. ३४ मधून २०.६ गेले १३.४, हे धान्य गटाचे भाग. २०.६ मधून ११ गेले ९.६, हे पेंड गटाचे. बेरीज २३. आता ९७ किलो या प्रमाणात वाटा: धान्य गट ५६.५ किलो, पेंड गट ४०.५ किलो. धान्यातला दोन तृतीयांश मका म्हणजे ३८ किलो, भुसा १९, सरकी पेंड २० आणि सोयापेंड २०, किरकोळ पॉइंट सोडून दिलेत. उलटा हिशोब केल्याशिवाय मात्र मिसळू नका: ३.४ अधिक २.८५ अधिक ४.६ अधिक ९, आलं १९.८५. चालेल. माझ्या मागच्या पोस्टमध्ये हा उलटा हिशोब असता तरी तो ४० चाच झाला असता हे खरं, पण पोत्यावरचे आकडे घेऊन तुम्ही केलात तर चूक तिथेच पकडली जाते.

तुम्हाला वाटेल मका आणि सरकी पेंड या दोघांतच खरा आकडा घालून का करत नाही. करून बघा, ९ आणि २३, मध्ये २०. मका ३ भाग, पेंड ११ भाग, म्हणजे १०० किलोत ७९ किलो सरकी पेंड! चौकोन उत्तर देतो, पण ते गाईच्या कामाचं नाही, तंतू फार आणि ऊर्जा कमी, आणि गोठ्यात वासरं असतील तर सरकीतला गॉसिपॉल हा विषारी घटक त्यांना बाधतो, त्यांच्यापुढे असलं मिश्रण टाकूच नका. म्हणूनच एखादी जोरदार पेंड सोबत लागते. शेंगदाणा पेंड पण चालते, प्रोटीन सोयापेंडीच्या जवळपास असतं, पण पावसाळ्यात तिला बुरशी लवकर धरते आणि त्या बुरशीचं विष दुधात उतरतं, म्हणून जून ते ऑक्टोबर मी सोयावरच राहते.

महाग पडण्याबद्दल. किलोचा भाव बघू नका, प्रोटीनच्या किलोचा भाव काढा. समजा सरकी पेंड ३६ रुपये किलो आणि सोयापेंड ४५. दुकानात सरकी स्वस्त वाटते. पण ३६ भागिले ०.२३ म्हणजे तिच्यातलं एक किलो प्रोटीन १५६ रुपयाला पडतं आणि सोयातलं ४५ भागिले ०.४५ म्हणजे १०० रुपयाला. मग सरकी ठेवायचीच कशाला? घाणीच्या सरकी पेंडीत थोडं तेल राहतं, फॅटला त्याची मदत होते, सोयापेंडीत तेल जवळजवळ नसतंच. तुमच्या गावचे भाव घालून हेच गणित करा, आणि भरडाईचे पैसे धरूनही गोणी स्वस्त पडली तर गोणीच घ्या, माझा त्याला काही विरोध नाही. फक्त गोणीवर प्रोटीन किती लिहिलंय ते बघून तुलना करा. १६ टक्क्यांची गोणी २० टक्क्यांच्या घरच्या खाद्यापेक्षा स्वस्त असणारच.

मिसळताना मिनरल आणि मीठ आधी दोन-तीन किलो भुशात एकजीव करा आणि मग ढिगावर पसरून फावड्याने तीन-चार वेळा उलथापालथ करा, नाहीतर एका गाईला मुठभर मीठ आणि दुसरीला काहीच नाही असं होतं. पंधरा दिवस पुरेल एवढंच करा.

तुमच्याकडचं उरलेलं मिश्रण टाकून देऊ नका. त्यालाच चौकोनाच्या एका कोपऱ्यात बसवा, १४. दुसऱ्या कोपऱ्यात सोयापेंड ४५, मध्ये २०. जुनं मिश्रण २५ भाग, सोयापेंड ६ भाग. म्हणजे ५० किलो उरलं असेल तर १२ किलो सोयापेंड घाला, झालं ६२ किलो २० टक्क्यांचं. (यात मी मिनरल धरलेलं नाही, ते गाईमागे रोज ५० ग्रॅम वेगळं घाला.) पण त्यातला मका बारीक दळलेला असेल तर तो दोष सोयापेंडीने जात नाही, म्हणून हे नुसतं न घालता वरच्या नव्या मिश्रणात निम्मं-निम्मं मिसळून सकाळ-संध्याकाळ वाटून द्या आणि आधी कोरडी वैरण खाऊ घालून मगच खुराक द्या. आत्ता शेण फारच पातळ असेल किंवा गाय वैरणीला तोंड लावत नसेल तर मात्र हे काही करत बसू नका, खुराक निम्म्यावर आणा आणि डॉक्टरांना बोलवा.

जुन्या पोस्टमधला तक्ता मी आज दुरुस्त केलाय, सरकी पेंडीच्या आता दोन वेगळ्या ओळी आहेत. दहा दिवसांनी दूध आणि फॅट काय आलं ते इथेच लिहा, वाढलं नाही तरी लिहा.